गिरणीवरचं कॉलेज

आमच्या पिठाच्या गिरणीवर दळायला जो मुलगा होता, तो बोटीने समुद्र ओलांडून आला होता, हे सांगितलं की माझ्या नातवंडांना अजून खरं वाटत नाही. त्यांना वाटतं, आजी काहीतरी जोडून सांगते. जोडून सांगायची मला सवय आहे, नाही म्हणत नाही. पण हे सगळं झालेलं आहे.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची, लग्न होऊन चिंचवडात आलेली. पिंपरी-चिंचवड असं एका श्वासात कुणी म्हणत नसे. पिंपरी वेगळी, चिंचवड वेगळं, मध्ये शेतं. पिंपरीला औषधाचा सरकारी कारखाना नुकताच सुरू झाला होता, आणि आमच्या गिरणीवर दळणारा गडी त्या कारखान्यात लागला. माझे यजमानही तिथेच शिफ्टला. राहिले मामंजी, म्हणजे माझे सासरे. त्यांची पाठ धरलेली. डबा उचलून वरच्या पेटीत धान्य ओतायचं म्हटलं की आधी देवाचं नाव, मग डॉक्टरचं.

अशात माझा एक मावसभाऊ आला. तो पुण्याच्या शेतकीच्या कॉलेजात शिपाई होता. त्याच्याबरोबर एक मुलगा. काळासावळा, सडपातळ, पँट इस्त्रीची, पण खालची शिवण उसवलेली. मावसभाऊ म्हणाला, हा मॉरिशसचा. सासूबाईंनी विचारलं, ते कुठं आलं, लोणावळ्याच्या पलीकडे का? पलीकडेच होतं म्हणा तसं.

त्याची हकीकत अशी. त्याचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून त्या बेटावर उसाच्या मळ्यात राबायला गेले ते तिकडेच राहिले. बाप साखरेच्या कारखान्यात. मुलगा हुशार निघाला, म्हणून गावाने वर्गणी काढून बोटीचं तिकीट काढून दिलं आणि चार वर्षांची शेतकी शिकायला इकडे धाडला. कॉलेजने फीमाफी दिली. खाण्याराहण्याचे पैसे बाप पाठवायचा. दुसऱ्या वर्षी बापाचा पाय यंत्रात सापडला, पगार अर्धा झाला आणि पैसे येणं थांबलं. वसतिगृह सोडावं लागलं. आता त्याला अशी जागा हवी होती की जिथे भाडं नको, जेवण मिळावं, आणि त्याबदल्यात कॉलेज सांभाळून काही काम करता यावं.

मामंजींनी त्याला एकच गोष्ट विचारली, दोन पायलीचा डबा एका दमात डोक्याच्या वर नेशील का? त्याने नेला. गिरणीमागची पोत्यांची खोली त्याला मिळाली. दोन्ही वेळचं जेवण आमच्यात, वर महिन्याला थोडे रोख, त्यात त्याचा रेल्वेचा पास आणि वह्या निघत. संध्याकाळी साडेपाचच्या गाडीने तो कॉलेजातून परत यायचा आणि साडेआठ-नऊपर्यंत गिरणी चालवायचा. रविवारी दिवसभर.

तो मला वहिनी म्हणायचा, मी त्याला भाऊजी. बोलायचा मराठीच, पण ते मराठी शंभर वर्षांपूर्वी बोटीत बसून गेलेलं होतं आणि इतक्या वर्षांत बाहेरची हवा त्याला लागली नव्हती. आमच्या सासूबाईंना ते फार आवडायचं. म्हणायच्या, पोरगा माझ्या आजेसासऱ्यांसारखा बोलतो, म्हणून ओरडायला जीव होत नाही.

आता गिरणी म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तेलावरचं इंजिन, त्याचा चामडी पट्टा, पट्ट्यावर फिरणारं दगडी जातं; दगड झिजला की त्याला छिन्नीने टाकी लावायची. वर लाकडी पेटी, तीत धान्य ओतायचं; खाली कापडाची लांब बाही, तिच्या तोंडाशी डबा. आमच्या गिरणीचा नियम मामंजींच्या वडिलांपासूनचा: ज्याचा डबा आधी त्याचं दळण आधी, आणि प्रत्येकाचं दळण वेगळं. एक डबा दळून झाला की जातं थोडं मोकळं फिरवायचं, पेटीला चार थापा द्यायच्या, बाही झटकायची, मगच दुसरा डबा. गव्हानंतर बाजरी आली तर आणखी निगुतीने. डाळीनंतर कुणाचं उपासाचं आलं तर मग विचारूच नका, बाई समोर उभी राहून जात्याला आंघोळ घालून घ्यायची.

म्हणजे दळणारा माणूस तीन तास उभा. भाऊजी कॉलेजचं पुस्तक खिडकीत उघडं ठेवायचे. एक ओळ वाचून होते तोवर कुणीतरी म्हणायची, अरे बाबा, जाड झालं, चाक फिरव. दुसरी ओळ लागते तोवर डबा भरून पीठ खाली. एका महिन्यात त्यांचं एक पान झालं, आणि त्या पानावर इतकं पीठ बसलं की अक्षरं बोटाने उकरून काढावी लागत.

त्यात सकाळचं संकट वेगळंच. शेतकीच्या कॉलेजात सकाळी सातला शेतावरचं प्रात्यक्षिक असायचं. प्रत्येक मुलाला जमिनीचा तुकडा दिलेला. तिथे स्वतः वाफे करायचे, पेरायचं, खुरपायचं आणि वहीत लिहून सही घ्यायची. त्यासाठी चिंचवडहून पहाटेची गाडी धरायची, आणि स्टेशन गावापासून लांब. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी गिरणी, अंगावरचं पीठ धुवायचं, जेवायचं, मग कंदिलाशी पुस्तक. पहाटेची गाडी त्यांच्या उशापासून दोन मैलांवरून रोज शिटी देऊन जायची आणि हे झोपेत कूस बदलून तिला वाट करून द्यायचे. मी दार वाजवायची. ते आतून म्हणायचे, उठलो वहिनी. अगदी स्पष्ट, जागा माणूस बोलेल तसं. आणि झोपलेले असायचे. ही कला मी पुढे माझ्या मुलांतही पाहिली, पण त्यांची इतकी सफाई नव्हती.

माघ महिन्यात मामंजी पुतणीच्या लग्नाला गेले, चार दिवसांसाठी. गिरणी भाऊजींवर, आणि देखरेख माझ्यावर. पहिल्याच संध्याकाळी भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, आज अकरा डबे आहेत. अकराही ज्वारीचे."

मी म्हटलं, मग?

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. ज्वारी ती ज्वारी. अकरा वेळा जातं थांबवायचं, अकरा वेळा बाही झटकायची, हे कशासाठी? प्रत्येकीचं धान्य आधी तागडीवर तोलायचं, कागदावर लिहायचं, सगळं एकदम पेटीत ओतत राहायचं, खाली मोठ्या पिंपात पीठ घ्यायचं, आणि शेवटी जिचं जितकं धान्य तितकं पीठ, थोडी तूट धरून, मापून डब्यात घालायचं. कुणाचं गुंजभर कमी नाही की जास्त नाही. पेटी एकदा भरली की मोठा वेळ मोकळा.

मला ते इतकं पटलं की मीच म्हटलं, एवढी साधी गोष्ट मामंजींच्या वडिलांना कशी सुचली नाही. मी चौथी शिकलेली. शाळेत गणितात मला शाबासकी मिळायची. मलाही वाटलं, आपण काहीतरी सुधारणा करतोय. बायका डबे ठेवून घरी जायच्या, तासाभराने यायच्या. त्यांना काय कळणार होतं?

तीन संध्याकाळी आम्ही तसंच केलं. भाऊजी पोत्यावर मांडी घालून बसायचे, इंजिनाचा ठोका सुरू, आणि त्या ठोक्यावर पाठांतर. मी समोर पुस्तक धरून बसायची. इंग्रजी मला येत नव्हतं, पण ते कुठे अडखळले की मी पुस्तक मिटायची, एवढं मात्र मी चोख करायची. तीन दिवसांत चाळीस पानं झाली. चाळीस. भाऊजींच्या तोंडावर असं समाधान मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दोन गोष्टी एकदम झाल्या.

दुपारी मावसभाऊ कॉलेजातून कागद घेऊन आला. सकाळच्या प्रात्यक्षिकांना भाऊजींची हजेरी फार कमी होती. टर्म संपायला जे दिवस राहिले त्यातलं एकही प्रात्यक्षिक चुकलं तर टर्म भरली असं धरणार नाहीत, परीक्षेला बसता येणार नाही, आणि फीमाफी बंद. फीमाफी बंद झाली की मुलाने पुढे काय करायचं, ते त्या कागदात लिहिलेलं नव्हतं, पण आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मुंबईला जायचं आणि बोटीत बसायचं. तेही तिकिटाचे पैसे कुणी दिले तर. गावाने वर्गणी काढून पाठवलेला मुलगा दोन वर्षांनी हात हलवत परत. 

आणि संध्याकाळी मामंजी लग्नाहून परत येऊन गिरणीच्या ओट्यावर पान लावत बसलेत, तोच नदीकडच्या मळ्यातली म्हातारी आली.

ही म्हातारी जुन्या पाटील घराण्यातली. मळा स्वतःचा, नवरा कधीच गेलेला, तीन मुलं तिच्या समोर खाली मान घालून बोलायची. रोज पहाटेच्या गाडीने पालेभाजीची पाटी घेऊन खडकीच्या बाजारात जायची. तिच्या काळ्या रानातली शाळू ज्वारी, आणि त्या ज्वारीची तिच्या हातची भाकरी, याचा तिला जो अभिमान होता तो मी पुढे कुणाला डिग्रीचासुद्धा पाहिला नाही. मामंजींना ती "लेका" म्हणायची.

तिच्या हातात फडकं होतं. तिने ते ओट्यावर सोडलं. आत एक भाकरी. ती मामंजींच्या पुढे सरकवून म्हणाली, "ही भाकर माझी न्हाई."

मामंजी म्हणाले, मग कुणाची आहे?

"त्येच इचाराया आले. थापतीय मी, भाजतीय मी, चूल माझी. आन् भाकर कुणा दुसरीची. तीन दिस झालं. कडंला चिरतीय, चवीला मातीवानी हाय. सून म्हनली, तुमचा हात गेला आत्याबाई. म्हनलं हात न्हाई गेला, गिरनी गेली."

मामंजींनी भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, चावला, आणि माझ्याकडे पाहिलं. मी बाही झटकायला लागले. ती आधीच झटकलेली होती.

तेवढ्यात, जसं काही मुद्दाम बोलावून आणावं तशी, रेल्वेच्या चाळीतली गँगमनची बायको आली. ती रेशनची जुनाट, किडकी ज्वारी आणायची, तिचा काही इलाज नव्हता. ती हसत हसत मामंजींना म्हणाली, दादा, या वेळी दळण असं काही झालं की विचारू नका. मुलं दोन-दोन भाकऱ्या जास्त खातात. जात्याला नवी टाकी लावली का?

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. मग भाऊजींकडे. मग त्या मोठ्या पिंपाकडे. शाळा तिने पाहिली नव्हती, पण तिला हिशेब लागायला पळभरही लागला नाही.

"माझी भाकर हिच्या घरात गेली," ती म्हणाली.

मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही, पण सांगते. अर्ध्या तासात गिरणीपुढे ज्वारीवाल्या अकराही घरच्या बायका जमल्या. कुणाचं कुणाला गेलं, याचा निवाडा सुरू झाला. जिची ज्वारी मध्यम, ती सगळ्यांत जास्त भांडत होती. तिला आपलं काही गेलं की काही मिळालं हेच कळेना. एकीचं म्हणणं, माझी ज्वारी माहेरची आहे, ती परक्याच्या पोटात गेली, आता भावाला काय सांगू. गँगमनची बायको बिचारी रडायला आली. म्हणाली, मी मुद्दाम खाल्ली नाही हो. भाऊजी हिशेबाचा कागद घेऊन पुढे आले आणि ज्याचं जितकं धान्य तितकंच पीठ दिलं आहे, हे आकडे वाचून दाखवायला लागले. ते आकडे अगदी बरोबर होते. त्यामुळे बायका जास्तच चिडल्या.

मामंजींनी कागद काढून घेतला. ते फारसे ओरडणारे नव्हते. म्हणाले, मुला, गिरणीवाल्यावर माणसं डबा टाकून जातात ते कशाच्या भरवशावर? आपलं ते आपल्यालाच मिळणार, एवढ्याच. तो गेला की माझ्याकडे नुसता दगड उरतो. तुझी खोली तू आठवड्यात मोकळी कर.

मी म्हटलं, मामंजी, मीही होते त्यात. ते म्हणाले, तुला मी कुठे घालवू? आणि एवढ्यावर माझी शिक्षा संपली.

भाऊजी वळले. आत गेले, पुस्तकं एका पोत्यात भरायला लागले. मावसभाऊ अजून तिथेच होता. त्याला राहवलं नाही. तो म्हणाला, खोली गेली म्हणजे जेवण गेलं, जेवण गेलं म्हणजे कॉलेज गेलं, आणि तसंही आता पहाटेची एकही गाडी चुकली तर कॉलेज जायचंच आहे. बोटीत बसायचं एवढंच राहिलं.

म्हातारी जायला निघाली होती. ती थांबली. "कंची गाडी म्हनलास?"

मावसभावाने सांगितलं.

"ती तर माझी गाडी हाय."

ती परत ओट्यावर येऊन बसली. फडक्यात भाकरी बांधली. बराच वेळ गाठच मारत होती. मग मामंजींना म्हणाली, "लेका, गुन्हा माझा केलाय, तर डांड मी लावनार. तू मधी बोलू नगं. ह्या पोरानं आजपासनं माझी भाजीची पाटी मळ्यातनं टेसनापत्तुर डोक्यावर न्यायाची. रोजच्याला. एक दिस न्हाई आला तर मग घाल त्येला बोटीत."

मामंजी म्हणाले, आणि गिरणीचं काय?

"गिरनीवर आमी हायेत की. ज्याची त्येनं वतायची, ज्याची त्येनं झाडायची. मी बसंन हितं, बघते कोन काय मिसळतंय ते. ह्यानं निस्तं इंजान बघायचं."

बायकांना ते एकदम पटलं. त्यांना भाऊजींची दया आली म्हणून नव्हे. दुसरी आपलं दळण कसं करते हे उभं राहून पाहायला मिळणार होतं म्हणून. मामंजी पान थुंकून आले आणि म्हणाले, परीक्षेपर्यंत. एक दिवस पुढे नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गिरणीमागच्या दारावर काठी बसली. भाऊजी आतून म्हणाले, उठलो. अगदी स्पष्ट. पण ही काही मी नव्हते. तिने दार ढकललं आणि काठी पोत्यांवर, म्हणजे माणूस धरून सगळ्या पोत्यांवर फिरवली. मी दाराआडून पाहिलं, भाऊजी धोतर सावरत बाहेर पळाले. दहा मिनिटांनी मळ्याच्या बाजूने दोघं निघाली. पुढे म्हातारी, मागे मॉरिशसचा विद्यार्थी, डोक्यावर मेथी आणि चाकवताची पाटी, कानावर दवाचं पाणी ठिबकतंय, आणि पाटीच्या कडेला खोचलेली कॉलेजची वही. खडकीला तो पाटी उतरवून द्यायचा आणि त्याच गाडीने पुढे शिवाजीनगरला. सातला शेतावर हजर. मावसभाऊ सांगायचा, सह्या घेणारे मास्तर पहिल्या आठवड्यात घड्याळ बघायचे, दुसऱ्या आठवड्यात विचारते झाले, तुमच्या अंगाला मेथीचा वास कसा येतो.

संध्याकाळी गिरणीवर वेगळाच थाट. बायका स्वतः डबे ओतायच्या, स्वतः थापा द्यायच्या. जड डबा असला की मी धरायची. खरं सांगायचं तर त्याच दिवसांत मी गिरणी चालवायला शिकले; पट्टा चढवण्यापासून जात्याला टाकी लावण्यापर्यंत. पुढे मामंजी थकल्यावर बावीस वर्षं ती गिरणी मीच चालवली, पण ते राहू द्या.

भाऊजी पोत्यावर पुस्तक घेऊन बसायचे. पण म्हातारीला शंका. ह्याचे ओठ हलत न्हाईत, हा खरंच वाचतो का नुसता बघतो? तिने हुकूम सोडला, मोठ्यानं वाच. त्यांनी इंग्रजी वाचलं. ती म्हणाली, आमाला कळंल असं. झालं. मग एक वाक्य वाचायचं आणि मराठीत सांगायचं, असा रिवाज पडला. धडा नेमका ज्वारीचा होता. पुस्तकात लिहिलं होतं, रब्बीची ज्वारी अमुक इतक्या खोल पेरावी. म्हातारी म्हणाली, ज्यानं लिवलंय त्येचं रान कुठं हाय? भाऊजी म्हणाले, ते दिलेलं नाही. ती म्हणाली, मग खोडून टाक.

त्यांनी खोडलं नाही, पण समासात तिचं म्हणणं लिहून ठेवलं. हळूहळू समास भरले. बायका डब्यातले दाणे मूठभर काढून त्यांच्या तळहातावर ठेवायच्या. हे बघ, हे माळावरचं. हे काळ्या रानातलं. हे दोन वर्षांचं जुनं. पिंपरीच्या सिंधी वस्तीतल्या बायका गहू आणायच्या, त्याही मागे राहिल्या नाहीत. म्हातारीने तर भाऊजींना डोळे मिटायला लावून दाताखाली दाणा द्यायला सुरुवात केली. आवाजावरनं सांग, म्हणायची. चुकले की दुसऱ्या दिवशी पाटीत दोन जुड्या जास्त.

एकदा मी विचारलं, भाऊजी, चिडत नाही का तुम्ही? ते म्हणाले, "वहिनी, मळ्यापासून स्टेशनापर्यंत पाटीखाली मान हलवता येत नाही. म्हणून मी पाठांतर करतो. आजी मागे वळून विचारते, थांबलास का रं?"

हजेरी भरली. टर्म मिळाली. परीक्षा आली, ती कॉलेजचीच होती, विद्यापीठाची नव्हे, पण फीमाफी पुढच्या वर्षी राहणार की जाणार हे तिच्यावर होतं. लेखी झाली, आणि शेवटच्या दिवशी धान्य ओळखायची तोंडी परीक्षा. ती कशी झाली, ते भाऊजींनी त्याच संध्याकाळी गिरणीवर सगळ्यांसमोर सांगितलं.

टेबलावर बशा मांडलेल्या, प्रत्येकीत मूठभर धान्य, नावाची चिठ्ठी नाही. मुलगा एकेक बशी बघतो आणि वाणाचं नाव सांगतो. परीक्षक बाहेरून आलेले, कडक. भाऊजी भराभर सांगत गेले. एका बशीपाशी थांबले. परीक्षक म्हणाले, काय, येत नाही? हे म्हणाले, येतं, पण यात दोन आहेत. परीक्षक म्हणाले, ही माझ्या देखत भरलेली शुद्ध शाळू आहे. भाऊजींनी एक दाणा उचलला, आणि सवयीने, काय करतोय हे कळायच्या आत, तोंडात टाकून चावला. मग दुसरा. म्हणाले, हा शाळू. हा मागच्या सालचा, दुसऱ्या रानाचा आहे. परीक्षकांनी भिंग मागवलं. बशी उलटी केली. दाणे वेगळे काढत बसले, आणि तोवर मागची सगळी मुलं खोळंबली. शेवटी त्यांनी कॉलेजच्या कोठारवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, साहेब, डबा थोडा रिकामा होता, मी दुसऱ्या पोत्यातली वर घातली. ज्वारी ती ज्वारी.

गिरणीवर इतकं हसू झालं की इंजिनाचा ठोका ऐकू येईना. मामंजीसुद्धा भिंतीकडे तोंड करून हसले. म्हातारी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "कोठारवाल्याला बी एक पाटी द्याया पायजे."

परीक्षा संपली म्हणजे शिक्षा संपली. मामंजींचा शब्दही संपला. निकाल पंधरा दिवसांनी होता. ते पंधरा दिवस खोलीचं काय करायचं, हे कुणी बोललं नाही. भाऊजींनी पोतं भरून ठेवलं होतं, पण तोंड बांधलं नव्हतं. मामंजी त्या पोत्याला वळसा घालून जायचे आणि म्हणायचे, कुणी हे मधे ठेवलंय.

निकालाला दोन दिवस होते. पहाटे दारावर काठी बसली. शिक्षा संपली तरी रोज बसत होती, तशीच. आणि भाऊजी उठले, रोज उठत होते, तसेच. पाटी घेतली, आणि परीक्षेनंतर स्टेशनावरूनच परतायचे ते त्या दिवशी जुन्या सवयीने गाडीत चढले, खडकीला पाटी उतरवली, परत गाडीत चढले, शिवाजीनगरला उतरले आणि शेतावर जाऊन आपल्या वाफ्यापाशी उभे राहिले. तिथे चिटपाखरू नाही. बराच वेळ उभे राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कॉलेजला सुट्टी आहे.

झाडू घेऊन माझा मावसभाऊ आला. त्याने विचारलं, तू इथे काय करतोस? भाऊजींनी सहीची वही पुढे केली. मावसभाऊ म्हणाला, बरं आलास. निकाल कालच तयार झालाय, ऑफिसात टंकलेखनाला पडलाय, परवा लागणार. मी बघितला नाही, मला बघायची परवानगी नाही. पण तुझं नाव पहिल्या पानावर आहे, आणि नापासांचं पान शेवटचं असतं.

भाऊजी खडकीला चालत परत गेले. म्हातारी बाजारात मेथी निवडत बसली होती. त्यांनी तिला सांगितलं, आजी, मी पास झालो, फीमाफी राहिली.

तिने वर बघितलं. म्हणाली, "म्हंजे अजून दोन वर्सं पाटी हाय." आणि बसायला बारदान सरकवून दिलं.

दुपारच्या गाडीने दोघं परत आली. मामंजी ओट्यावर होते. भाऊजी आत जाऊन पोतं मोकळं करायला लागले, तसे मामंजी मला म्हणाले, सूनबाई, त्याला सांग, पुस्तकं भिंतीला लावून ठेवू नको म्हणावं, ओल धरतात. आणि आज गव्हाचे सात डबे आहेत. सातही वेगळे दळायचे.